धोरण शिकायला परदेशी जाताना

दिवाळीच्या आगेमागे बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवराबायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि मार्च-एप्रिलपर्यंत फडावरचा मुक्काम. मुलांची शाळा बुडू नये म्हणून सरकार गावात हंगामी वसतिगृह चालवतं. मुलं आजीआजोबांकडे किंवा नातेवाइकांकडे राहतात आणि दोन वेळचं जेवण वसतिगृहात मिळतं. समजा, या भागात एखाद्या संस्थेत तीन वर्षं काम केलेली एक मुलगी आहे. तिला रोज एक गोष्ट खुपते. एकाच तालुक्यातल्या दोन गावांत योजना तीच, निधी तोच, तरी एका गावात वसतिगृह भरलेलं असतं आणि दुसऱ्या गावात हजेरीपटावर नावं असूनही ताटं रिकामी राहतात. असं का होतं, हे तिला नीट समजून घ्यायचं आहे. तिने ‘पब्लिक पॉलिसी’ किंवा ‘डेव्हलपमेंट स्टडीज’ या विषयात परदेशात मास्टर्स करावं का?

दरवर्षी महाराष्ट्रातली शेकडो मुलंमुली हा विचार करतात. त्यांना मिळणारी बहुतेक माहिती विद्यापीठांच्या माहितीपुस्तिकांतून किंवा सल्ला देणाऱ्या एजंटांकडून येते. म्हणून या मुलीचा रस्ता आपण पायरीपायरीने पाहू. देश ब्रिटन धरू, कारण तिथे हे शिक्षण बहुतेक ठिकाणी एका वर्षात पूर्ण होतं आणि आपल्याकडच्या शिष्यवृत्त्यांचा मोठा ओघही तिकडेच आहे.

पहिली निवड विषयाची. ही दोन नावं आपल्याकडे सर्रास एकाच अर्थाने घेतली जातात, पण वर्गात बसल्यावर फरक कळतो. पब्लिक पॉलिसीच्या वर्गात आपल्या मुलीचा प्रश्न असा मांडला जाईल: वसतिगृहामुळे मुलांची हजेरी खरंच वाढली, की जी मुलं एरवीही गावात राहिली असती तीच तिथे जेवायला आली? हे तपासायचं तर कोणत्या गावांची तुलना कोणत्या गावांशी करायची? एका मुलामागे खर्च किती येतो, आणि तोच पैसा वाहतुकीवर किंवा साखर कारखान्याजवळच्या शाळेवर खर्च केला तर काय होईल? इथे सूक्ष्म अर्थशास्त्र, संख्याशास्त्र आणि मूल्यमापनाच्या पद्धती यांच्याशी रोजची गाठ असते. ऑक्सफर्डच्या ब्लावाटनिक स्कूलमध्ये याच्या जोडीला कायदा, राजकारण आणि शेवटी प्रत्यक्ष एखाद्या संस्थेत उन्हाळी प्रकल्प असतो. हार्वर्डच्या केनेडी स्कूलचा आंतरराष्ट्रीय विकासाचा अभ्यासक्रम तर कॅल्क्युलस आणि अर्थशास्त्र आधी शिकल्याचा पुरावाच मागतो. बी.ए. मराठी किंवा समाजकार्य केलेल्या मुलीने हे आधीच वाचलं नाही, तर अर्जाची फी वाया जाते.

डेव्हलपमेंट स्टडीजचा वर्ग दुसऱ्या बाजूने सुरुवात करतो. मुलगा आजीकडे राहतो आणि मुलगी मात्र आईबरोबर फडावर जाते, कारण तिथे धाकट्या भावंडाला सांभाळायचं असतं. हा निर्णय घरात कोण घेतं? उचल फेडण्याच्या दडपणाखाली असलेलं कुटुंब मुकादमाला नाही म्हणू शकतं का? बीडमध्येच हे स्थलांतर इतकं का रुजलं? जमीन, पाणी, जात आणि कारखानदारी यांचा इतिहास इथे मुख्य विषय असतो आणि आकडेमोड दुय्यम. ब्रायटनजवळच्या ससेक्स विद्यापीठाच्या आवारातली आय.डी.एस. ही १९६६ साली सुरू झालेली संस्था या शाखेतलं जुनं आणि मानाचं ठिकाण. गावकऱ्यांनाच जमिनीवर गावाचा नकाशा काढायला सांगायचा आणि त्यावरून अडचणी समजून घ्यायच्या, ही आपल्या स्वयंसेवी संस्थांत रूढ झालेली सहभागी पद्धत जगभर नेण्यात तिथल्या रॉबर्ट चेंबर्स यांचा मोठा वाटा होता. लंडनमध्ये एल.एस.ई. आणि सोआस आहेत. नेदरलँड्समध्ये द हेगला आय.एस.एस. आहे.

हे शिक्षण कोणाला मानवतं याचं माझं उत्तर स्पष्ट आहे. ज्याच्याकडे असा एखादा खुपणारा प्रश्न आहे, त्याने जावं. पदवी संपली, पुढे काय करायचं ते ठरत नाही, समाजासाठी काहीतरी करावंसं वाटतं, एवढ्या भांडवलावर गेलेल्या विद्यार्थ्याचं तिथलं वर्ष हातातून निसटतं. सप्टेंबरच्या अखेरीला वर्ग सुरू होतात, ख्रिसमसच्या आधी पहिले निबंध द्यायचे असतात, मार्चपर्यंत शिकवणं जवळपास संपतं. मग परीक्षा, आणि उन्हाळ्यात साधारण दहा हजार शब्दांचा प्रबंध. प्रबंधाचा विषय हिवाळ्यातच ठरवावा लागतो. ज्याने आधी क्षेत्रात काम केलं आहे त्याला वाचनातली प्रत्येक संकल्पना कुठे टेकवायची ते ठाऊक असतं. बाकीच्यांचे सहा महिने प्रश्न शोधण्यातच जातात. म्हणून आधी किमान दोन वर्षं काम करावं. यूपीएससीची तयारी म्हणून हा अभ्यासक्रम घेणाऱ्यांनी तर तो विचार सोडूनच द्यावा. त्या परीक्षेत या पदवीला वेगळे गुण नाहीत आणि अभ्यासक्रमही जुळत नाही.

आता पैसा. इथून पुढे विद्यापीठाची निवड आणि शिष्यवृत्तीचे नियम एकमेकांत असे गुंतलेले आहेत की आधी विद्यापीठ ठरवून मग पैसा शोधणाऱ्यांची हटकून अडचण होते. ब्रिटनमध्ये या विषयांची परदेशी विद्यार्थ्यांसाठीची फी बहुतेक ठिकाणी २० ते ३५ हजार पौंडांच्या दरम्यान आहे. ऑक्सफर्डच्या पब्लिक पॉलिसीची ५० हजारांच्या वर जाते. राहण्याखाण्याचा अंदाज तिथल्या सरकारच्याच आकड्यावरून घ्यावा. विद्यार्थी व्हिसासाठी लंडनमध्ये महिन्याला १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड एवढी सोय दाखवावी लागते, हे नोव्हेंबर २०२५ पासूनचे आकडे आहेत. पौंड ११५ रुपयांना धरला, फी २२ हजार, राहणं १२ हजार, आणि व्हिसा, तिथला आरोग्य अधिभार व विमान मिळून अठराशे पौंड धरले, तर लंडनबाहेरचं एक वर्ष ४१ लाखांच्या घरात जातं.

आपली मुलगी अनुसूचित जातीची किंवा नवबौद्ध असेल, तर तिच्यासाठी राज्याच्या समाजकल्याण खात्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. दरवर्षी ७५ जागा, पदव्युत्तरसाठी वयाची अट ३५ आणि कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा आठ लाख. फी थेट विद्यापीठाला जाते, शिवाय निर्वाह भत्ता आणि विमानभाडं मिळतं. पण एक अट नीट वाचायला हवी. विद्यापीठ क्यू.एस. जागतिक क्रमवारीत पहिल्या २०० मध्ये असलं पाहिजे, आणि ही क्रमवारी संपूर्ण विद्यापीठाची धरली जाते, विषयाची नाही. ससेक्स डेव्हलपमेंट स्टडीज या विषयात क्यू.एस.च्याच यादीत अनेक वर्षं सलग जगात पहिलं राहिलं आहे, तरी एकूण विद्यापीठ म्हणून ते २०० च्या बाहेर आहे. सोआस तर त्याहून बरंच खाली. म्हणजे या विषयासाठी जगात सर्वांत नावाजलेली जागा राज्याच्या शिष्यवृत्तीत बसत नाही, आणि या विषयाची तितकी परंपरा नसलेलं पण एकूण क्रमवारीत वर असलेलं विद्यापीठ बसतं. माझ्या मते ही अट या विषयांपुरती तरी बदलायला हवी. तोवर अर्जदाराने ससेक्सचं प्रवेशपत्र हातात घेऊन खात्याच्या दारात जाऊ नये. तिने एल.एस.ई., मँचेस्टर, एडिंबरा अशा नावांपासून सुरुवात करावी.

केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप १२५ जणांना मिळते. त्यात अनुसूचित जातींबरोबर विमुक्त व भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांचाही वाटा आहे. इथे क्रमवारीची मर्यादा ५०० आहे, त्यामुळे ससेक्स चालतं. मात्र दुसरीच खोच आहे. २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अभ्यास या विषयांना शिष्यवृत्ती नाही, असं कलम घातलं गेलं. त्यावर विद्यार्थी आणि अभ्यासकांनी जोरदार आक्षेप घेतला होता. बीडच्या ऊसतोड कामगारांच्या मुलांवर प्रबंध लिहू पाहणाऱ्या मुलीसाठी हे कलम थेट अडसर आहे. वंचित घरातून आलेल्या मुलीने परदेशात शिकावं, पण आपल्याच लोकांचा अभ्यास सरकारी पैशाने करू नये, हे मला मान्य होत नाही. व्यवहारात एवढंच सांगता येईल की त्या वर्षीची सूचना शब्दन् शब्द वाचावी, आणि अर्जात अभ्यासक्रमाचं नाव व स्वरूप प्रवेशपत्रात असेल तसंच लिहावं.

दोन्ही सरकारी शिष्यवृत्त्यांत ब्रिटनसाठीचा निर्वाह भत्ता वर्षाला ९,९०० पौंड आहे. बारा महिन्यांत विभागला तर महिन्याला ८२५. वर दिलेला लंडनबाहेरचा व्हिसाचा आकडा १,१७१ आहे, हे शेजारी ठेवून पाहिलं की तूट किती ते लगेच दिसतं. लंडनमध्ये ती सातशे पौंडांच्या पुढे जाते. या भत्त्यावर जाणाऱ्या मुलांना आठवड्याला वीस तासांपर्यंत मिळणारं काम शोधावं लागतं, आणि दहा हजार शब्दांचा प्रबंध कॅफेतल्या पाळ्यांच्या मधे लिहावा लागतो. खर्चाच्या दृष्टीने मँचेस्टर किंवा शेफिल्डसारखं शहर लंडनपेक्षा बरं, हा विचार अर्ज करतानाच व्हावा.

तिसरा रस्ता ब्रिटिश सरकारचा. चेव्हनिंग शिष्यवृत्तीत फी, महिन्याचा भत्ता, व्हिसा, विमान असं सगळं येतं. तिला जात किंवा उत्पन्न यांची अट नाही, मात्र पदवीनंतरच्या कामाचे २,८०० तास, म्हणजे साधारण दोन वर्षांचा अनुभव लागतो आणि त्यात अर्धवेळ व स्वयंसेवी कामही मोजलं जातं. अर्ज ऑगस्टमध्ये खुले होतात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला बंद होतात. वर्ग मात्र त्यापुढच्या वर्षीच्या सप्टेंबरात सुरू होतात. म्हणजे एक पूर्ण वर्ष आधी हालचाल करावी लागते. कॉमनवेल्थ शिष्यवृत्तीचे अर्जही साधारण याच हंगामात भरायचे असतात आणि ज्यांना एरवी हा खर्च झेपला नसता अशांना तिथे प्राधान्य मिळतं.

चेव्हनिंगच्या अर्जात नेतृत्व, लोकसंपर्क, ब्रिटनच का आणि पुढे काय करणार, यावर निबंध असतात. बहुतेक अर्ज इथेच पडतात. ‘माझ्या नेतृत्वाखाली ग्रामीण भागातील वंचित मुलांसाठी विविध उपक्रम राबवले’ हे वाक्य कोणीही लिहू शकतं, म्हणून वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी आपल्या मुलीने असं लिहावं: दोन गावांत वसतिगृह ऑक्टोबरऐवजी डिसेंबरात सुरू व्हायचं, कारण मंजुरीचा कागद पंचायत समितीत अडायचा. तोवर टोळ्या निघून गेलेल्या असायच्या. मी शाळा व्यवस्थापन समितीकडून जाणाऱ्या मुलांची यादी गणपतीतच करून घेतली आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे दिली, आणि पुढच्या हंगामात ताटं वेळेवर लागली. इथे पद नाही, भाषण नाही, पण कोणाकडे काय अडलं होतं आणि तिने नेमकं काय हलवलं ते दिसतं. हाच मजकूर विद्यापीठाच्या अर्जातही कामाला येतो. फक्त तिथे शेवटी प्रश्न यायला हवा: कागद वेळेवर आला तरी तिसऱ्या गावात मुली का राहिल्या नाहीत?

प्रवेश मिळाल्यावरची एक अडचण एजंट सहसा सांगत नाहीत. विद्यापीठ सुरुवातीला अटींसह प्रवेश देतं. पदवीची अंतिम गुणपत्रिका द्या, आयईएलटीएसचे गुण द्या, आर्थिक हमीचा फॉर्म भरा. सरकारी शिष्यवृत्तीला मात्र विनाअट प्रवेशपत्र लागतं, आणि चेव्हनिंगलाही निवड झाल्यावर ठरलेल्या तारखेआधी ते द्यावं लागतं. त्यातच शिष्यवृत्तीचा निकाल लागेपर्यंत विद्यापीठाची डिपॉझिट भरायची तारीख उलटून जाऊ शकते. यावर उपाय सोपा आहे, पण तो वेळेत करायला हवा. आयईएलटीएस अर्जाच्या आधीच द्यावी, आणि शिष्यवृत्तीच्या अर्जाची पोच जोडून विद्यापीठाला डिपॉझिटची मुदत वाढवून मागावी. पुष्कळ विद्यापीठं ती देतात. प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येईल का, हेही त्याच पत्रात विचारून ठेवावं.

शिष्यवृत्ती मिळाली नाही तर? बँका कर्ज द्यायला तयार असतात. ४० लाखांचं कर्ज, ११ टक्के व्याज आणि दहा वर्षांची मुदत धरली तर महिन्याचा हप्ता ५५ हजारांच्या वर जातो. शिक्षण चालू असताना साठलेलं व्याज त्यात धरलेलं नाही. हा हप्ता फेडायला पगार कुठून येणार, हे पाहायचं तर या पदवीनंतरच्या नोकऱ्यांकडे वळावं लागेल.

तिकडेच नोकरी मिळवून कर्ज फेडू, हा हिशोब गेल्या दोन वर्षांत फार कच्चा झाला आहे. पदवीनंतर ब्रिटनमध्ये राहून काम शोधायची मुदत आतापर्यंत दोन वर्षं होती. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना ती दीड वर्षच मिळेल. त्यानंतर राहायचं तर कुशल कामगाराचा व्हिसा लागतो आणि त्यासाठीचा किमान पगार जुलै २०२५ पासून सर्वसाधारणपणे ४१,७०० पौंड करण्यात आला आहे. नवख्यांना थोडी सवलत आहे, पण सामाजिक संस्थांतल्या सुरुवातीच्या नोकऱ्या तिथवरही क्वचितच पोचतात. शिवाय या क्षेत्राचा पैसाच आटतो आहे. अमेरिकेची यूएसएड ही संस्था २०२५ च्या जुलैत बंद झाली. ब्रिटनने आपली परदेशी मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यांवरून २०२७ पर्यंत ०.३ टक्क्यांवर आणायचं जाहीर केलं. अनुभवी माणसांच्या नोकऱ्या जात असताना नवख्याला दार उघडणं कठीणच. संयुक्त राष्ट्रांतल्या तरुणांसाठीच्या अनेक जागांचा खर्च श्रीमंत देश करतात आणि बहुतेक वेळा आपल्याच नागरिकांना त्या देतात. चेव्हनिंगवाल्यांचा तर हा प्रश्नच येत नाही, कारण त्यांना परत येऊन किमान दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट असते.

भारतात परतल्यावर काम मिळतं, फक्त ते कुठे मिळतं याची कल्पना आधी हवी. राज्य सरकारांच्या योजनांसाठी मोठ्या सल्लागार कंपन्या जी प्रकल्प व्यवस्थापन पथकं चालवतात, तिथे या पदवीधरांना बरीच मागणी आहे आणि सुरुवातीचा पगारही तिथे तुलनेने बरा असतो. काम बरंचसं सादरीकरणं, आढावा बैठका आणि मंत्रालयातल्या पाठपुराव्याचं. दुसरं क्षेत्र जे-पाल किंवा आयडीइनसाइटसारख्या मूल्यमापन करणाऱ्या संस्थांचं. तिथे संख्याशास्त्र पक्कं असलेल्यालाच जागा, म्हणून पब्लिक पॉलिसीवाल्यांना ते जवळचं. तिसरं क्षेत्र कंपन्यांच्या सामाजिक निधीतून चालणाऱ्या फाउंडेशनांचं. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणं बंधनकारक केल्यापासून ते वाढलं आहे. याउलट परदेशी देणगीवर चालणाऱ्या स्वयंसेवी संस्था अडचणीत आहेत. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही आणि प्रशासकीय खर्चावर वीस टक्क्यांची मर्यादा आहे. व्यवस्थापनातल्या माणसांचे पगारही त्याच मर्यादेत बसवावे लागतात, त्यामुळे तालुक्याच्या पातळीवरच्या छोट्या संस्था परदेशातून शिकून आलेल्या माणसाला परत घेऊ शकत नाहीत, घ्यावंसं वाटलं तरी.

यातल्या बऱ्याच ठिकाणी सुरुवातीच्या पगारातून ५५ हजारांचा हप्ता गेला तर मागे जेमतेम खोलीचं भाडं उरतं. म्हणून घर किंवा शेत तारण ठेवून, पूर्ण कर्जावर या विषयासाठी परदेशी जाऊ नये, असं मी ठामपणे सांगेन. अर्धी फी माफ झाली आणि उरलेल्यासाठी जे. एन. टाटा एंडोमेंट किंवा के. सी. महिंद्रा ट्रस्टचं सवलतीचं कर्ज मिळालं, तर पुन्हा हिशोब मांडून पाहावा. पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली तर मात्र जरूर जावं. पुढे भारतात पीएचडी किंवा सरकारी पद घ्यायचं असेल, तर एका वर्षाच्या ब्रिटिश मास्टर्सबद्दल पूर्वी होणारी अडचण आता कमी झाली आहे. जुलै २०२२ मध्ये दोन्ही देशांनी एकमेकांच्या पदव्यांना मान्यता देण्याचा करार केला आणि त्यात ही पदवी आपल्या मास्टर्सच्या बरोबरीची धरली आहे. गरज पडल्यास समकक्षतेचं प्रमाणपत्र घ्यावं.

ब्रिटन बाजूला ठेवायचं असेल तर जर्मनीकडे पाहावं. डाड या संस्थेच्या ‘एपॉस’ योजनेत विकासाशी संबंधित ठरावीक अभ्यासक्रमांसाठी महिन्याचा भत्ता मिळतो आणि तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नसतेच. अट अशी, की किमान दोन वर्षांचा कामाचा अनुभव हवा आणि शेवटची पदवी सहा वर्षांपेक्षा जुनी नको. आपल्या बीडच्या मुलीला ही अट अडत नाही.

तिने ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात चेव्हनिंग, कॉमनवेल्थ आणि एपॉसचे अर्ज भरावेत. सरकारी शिष्यवृत्त्यांच्या जाहिराती पुढच्या वर्षी येतील तोवर दोनशेच्या आतलं एक आणि पाचशेच्या आतलं एक, अशी दोन विनाअट प्रवेशपत्रं हातात ठेवावीत. आणि त्याच हिवाळ्यात सीयूईटी-पीजीचा फॉर्मही भरावा. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या मुंबई आणि तुळजापूर इथल्या मास्टर्सचा प्रवेश त्या परीक्षेतून होतो, आणि तुळजापूर तर तिच्या वसतिगृहांच्या गावांपासून फार लांबही नाही.